पाणी सुटलेले, कडवट आणि गुलाबी दही

वाचकाचे पत्र

आमच्याकडे दही घरीच लागते. दूध चार-पाच दिवसांचे एकदम आणतो, लागेल तसे तापवतो, वर येऊ लागले की गॅस बंद करतो आणि आदल्या दह्याचेच विरजण घालतो. महिनाभरापासून दह्याला पाणी सुटू लागले, मग चव कडवट झाली. परवा फ्रीजमधल्या डब्यात कडेला गुलाबी डाग दिसला. मी तेवढा भाग काढून टाकला, उरलेले दही वापरले आणि त्यातलेच विरजण पुन्हा लावले. हे सगळे एकाच कारणाने झाले का? ते दही उकळून वापरता येईल का? आणि घरचे दही किती दिवस चालते?

उत्तर

आधी गुलाबी डागाचे पाहू, कारण तेवढीच गोष्ट तातडीची आहे. ज्या डब्यात डाग दिसला त्यातले उरलेले दही आणि त्याच्या विरजणाने नंतर लावलेले दही, दोन्ही आजच टाकून द्या. नंतरच्या दह्याचा रंग पांढराशुभ्र असला आणि चवही चांगली असली, तरी ते टाकायचेच आहे.

दह्यात गुलाबी, नारिंगी किंवा लालसर ठिपके दिसतात ते बहुधा ऱ्होडोटोरुला नावाच्या यीस्टमुळे, कधी सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूमुळे, तर कधी बुरशीमुळे. नळाजवळच्या किंवा न्हाणीघरातल्या ओलसर फरशीवर जो गुलाबी बुळबुळीत थर धरतो, त्यात याच कुळातले जीव असतात. म्हणजे ते पाण्यात, ओल्या फडक्यात, हवेतल्या धुळीत, सगळीकडे वावरत असतात. दह्यातला आंबटपणा बहुतेक रोगजंतूंना वाढू देत नाही, पण यीस्ट आणि बुरशी यांना तो मानवतो आणि यांतल्या काही जाती फ्रीजच्या थंडीतही सावकाश वाढतात. त्यामुळे दही आंबट आहे आणि फ्रीजमध्ये आहे एवढ्यावरून ते सुरक्षित ठरत नाही.

डाग दिसतो तेव्हा त्या जागी लाखो पेशी जमलेल्या असतात. दही हा ओला, मऊ पदार्थ आहे; त्यात पेशी डागाच्या कडेला थांबून राहत नाहीत आणि बुरशी असेल तर तिचे तंतू डोळ्यांना न दिसता खाली उतरलेले असतात. घट्ट, कोरड्या पदार्थाचा बुरशी आलेला भाग खोलवर कापून टाकता येतो, दह्यात तशी सोय नाही. शिवाय तुम्ही त्यात चमचा घातला, म्हणजे वरचे खाली गेलेच.

उकळण्याने जिवंत पेशी मरतील, हे खरे. पण काही बुरशी आणि काही जिवाणू जी विषारी द्रव्ये तयार करतात, त्यांतली बरीच घरगुती उकळीने नाहीशी होत नाहीत. आपल्या डब्यात नेमका कोणता जीव होता हे घरी ओळखण्याचा काही मार्ग नाही, म्हणून ते दही शिजवून वापरण्याचा विचार सोडून द्यावा.

घरात ज्यांनी ते दही खाल्ले त्यांना त्रास झालेला नसेल तर घाबरून जाण्याचे कारण नाही. निरोगी माणसाला थोड्या प्रमाणाने बहुधा काही होत नाही. मात्र उलट्या, जुलाब, ताप किंवा पोटात कळा असे काही जाणवले, तर डॉक्टरांना दही खाल्ल्याचे आवर्जून सांगा. घरात तान्हे मूल, गरोदर स्त्री, वृद्ध व्यक्ती किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे कोणी असेल, तर त्रास थोडा असला तरी वाट पाहत बसू नका.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. दूध मंद आचेवर बराच वेळ आटवले, तर त्याला बदामी, किंचित गुलबट छटा येते आणि त्याचे दहीही तशाच रंगाचे लागते. हा रंग तापण्यातून आलेला असतो, तो तळापासून वरपर्यंत सारखा असतो आणि दही लागल्याच्या पहिल्या क्षणापासून असतो. जो रंग दोन-तीन दिवसांनी उमटतो, जो ठिपक्यांनी, कडेने किंवा झाकणाखालच्या थेंबांच्या जागी दिसतो, तो खराबीचा. तसेच, दह्यातून सुटलेले पाणी पिवळसर-हिरवट दिसते, तेही नासल्यामुळे नव्हे. दुधातल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा तो रंग आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तिन्ही गोष्टींचे कारण एक नाही. पाणी सुटले ते दूध तापवण्याच्या आणि दही लावून ठेवण्याच्या पद्धतीमुळे, कडवटपणा आला तो बहुधा दुधाच्या वयामुळे, आणि गुलाबी रंग आला तो बाहेरून शिरलेल्या जीवामुळे. पण तिन्ही दोष महिनाभर टिकले आणि एकावर एक चढत गेले, याला विरजण कारणीभूत आहे. रोज आदल्या दह्याचेच विरजण लावत गेलो, की आदल्या दह्यात जे काही असेल ते पुढच्या दुधात उतरते. चांगले जिवाणू उतरतात, तसेच नको असलेलेही उतरतात.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण तुमच्या पत्रातली एक गोष्ट त्याचा उलगडा करते. दूध वर येऊ लागताच तुम्ही गॅस बंद करता. फेस वर येतो तेव्हा भांड्यातले सगळे दूध सारखे तापलेले असतेच असे नाही, आणि तापलेले असले तरी ते त्या उष्णतेवर पुरेसा वेळ राहिलेले नसते. दही घट्ट लागण्यासाठी दुधातल्या दोन प्रकारच्या प्रथिनांनी एकत्र काम करावे लागते. केसीन हे मुख्य प्रथिन आंबटपणा वाढला की एकमेकांना धरून जाळे विणते. दुसरी प्रथिने पाण्यात विरघळलेली असतात. दूध 85 ते 90 अंश सेल्सिअसवर काही मिनिटे राहिले तरच ती उलगडतात आणि केसीनला चिकटतात. ती चिकटली की जाळे दाट होते आणि पाणी धरून ठेवते. दूध नुसते गरम करून खाली उतरवले तर ती मोकळीच राहतात, जाळे विरळ होते आणि चमचा लागताच पाणी वेगळे होते. पिशवीतले किंवा डब्यातले पाश्चराइझ केलेले दूध पिण्यासाठी पुन्हा उकळायची गरज नसते असे म्हणतात ते बरोबर आहे, पण दह्यासाठी उकळणे हे जंतू मारण्यापेक्षा या प्रथिनांसाठी असते.

म्हणून उकळी आली की आच अगदी मंद करा आणि दहा मिनिटे दूध तळाशी ढवळत राहा. यात थोडे पाणीही उडून जाते, त्यानेही दही घट्ट होते.

पाणी सुटण्याचे दुसरे कारण म्हणजे दही लागून गेल्यावरही ते उबेतच राहणे. आंबटपणा वाढत वाढत सामू 4.6 च्या आसपास आला की दही धरते. त्यानंतरही जिवाणू काम करतच राहतात, आंबटपणा वाढतो, विणलेले जाळे आकसते आणि पिळलेल्या स्पंजासारखे आतले पाणी बाहेर टाकते. रात्री लावलेले दही सकाळी उठायच्या कितीतरी आधी लागून गेलेले असते आणि तरी ते दुपारपर्यंत ओट्यावरच असते, असे उन्हाळ्यात सर्रास घडते. अशा दह्याचा मधला भाग घट्ट, कडेने सुटलेला आणि भोवती पाणी असतो, चव झणझणीत आंबट असते. याउलट दूधच कमी तापवले असेल तर सगळे दही सारखेच ढिले असते आणि चव मात्र बेताची आंबट असते. हा फरक चमच्याने एक काप काढला की लगेच कळतो: पहिल्या दह्यात कापाच्या कडा उभ्या राहतात, दुसऱ्यात खळगा पुन्हा भरून येतो.

एरवी दह्यावर चमचा-दोन चमचे पाणी जमणे स्वाभाविक आहे. काप काढलेल्या खळग्यात तर ते जमतेच. ते ढवळून मिसळले किंवा ओतून काढले तरी चालते. त्यावरून दही खराब ठरत नाही. दही टाकावे लागते ते पाण्याबरोबर बुडबुडे, चिरा, यीस्टचा किंवा दारूसारखा वास किंवा कोणताही रंग असेल तर. दह्यात आतून बुडबुडे आणि भेगा दिसणे याचा अर्थ वायू करणारे जीव शिरले आहेत, आणि चांगल्या दह्यातल्या नेहमीच्या जिवाणूंनी असा वायू होत नाही.

कडवटपणाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो: जास्त आंबले म्हणून कडू झाले. आंबट आणि कडू यांची मुळे वेगळी आहेत. आंबटपणा दुधातल्या साखरेपासून येतो. कडूपणा प्रथिने तुटण्यापासून. प्रथिनाचे तुकडे पडताना मध्येच काही तुकडे असे तयार होतात, की जिभेला ते कडू लागतात. आता ही प्रथिने तोडली कोणी, हे पाहायला हवे.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय दुधावर आहे. थंडीतही वाढू शकणारे काही जिवाणू, विशेषतः स्यूडोमोनस जातीचे, फ्रीजमध्ये दूध चार-पाच दिवस पडून राहिले की हळूहळू वाढतात आणि प्रथिने तोडणारी विकरे दुधात सोडतात. तुम्ही दूध उकळता तेव्हा ते जिवाणू मरतात, पण त्यांनी सोडलेली विकरे उकळीतूनही बऱ्याच अंशी शाबूत राहतात आणि दह्यात आपले काम चालू ठेवतात. म्हणून ताज्या दुधाचे दही गोडसर आणि चौथ्या दिवशीच्या दुधाचे, त्याच विरजणाने लावलेले दही कडवट, असे होऊ शकते. याची परीक्षा सोपी आहे. दूध आणले त्याच दिवशी अर्धा लिटर तापवून दही लावा आणि चौथ्या दिवशी त्याच खेपेच्या दुधाचे तेवढेच दही लावा. दोन्ही वेळा विरजण तेच वापरा; त्यातला दुसऱ्या वेळचा चमचाभर भाग तोवर स्वच्छ वाटीत झाकून फ्रीजमध्ये ठेवा. दुसरे दही कडवट आणि पहिले चांगले लागले, तर कारण दुधाचे वय हेच.

पहिले दहीही कडवट निघाले, तर संशय विरजणावर जातो. विरजण जुने असेल, किंवा लवकर लागावे म्हणून भरमसाट घातले असेल, तर प्रथिने तोडण्याकडे कल असलेले जिवाणू वरचढ होतात. तिसरी शक्यता बॅसिलस जातीच्या बीजाणूंची. ते उकळीला दाद देत नाहीत, आणि दूध तापवून तसेच तासन्‌तास कोमट राहू दिले, तर त्यांतून जिवाणू उगवतात. दूध सकाळी तापवून दुपारी विरजण लावण्याची सवय असेल तर हे लक्षात ठेवावे; दूध कोमट होताच विरजण घालावे, किंवा ते झाकून फ्रीजमध्ये ठेवावे आणि विरजण लावताना पुन्हा कोमट करावे.

किंचित कडवट, पण रंग, वास, पोत सगळे ठीक असलेले ताजे दही खाल्ल्याने सहसा अपाय होत नाही. तरी चव नकोशी होण्याइतपत कडू झालेले, किंवा कडवटपणाबरोबर वासही बदललेले दही टाकावे. विरजण मात्र किंचित कडवट दह्याचेही घेऊ नये, कारण तुमच्या घरी नेमके हेच महिनाभर चालले आहे.

तेव्हा साखळी तोडा. डबे, झाकणे, चमचे, विरजणाची वाटी साबणाने घासून त्यांवर उकळते पाणी ओता आणि पूर्ण वाळू द्या. झाकणाला रबरी कडी असेल तर ती काढून तिच्या खाचेत पाहा. गुलाबी थर बहुतेक वेळा तिथेच सापडतो. प्लास्टिकचा डबा चरे पडलेला असेल तर तो दह्याला वापरू नका, चरे घासून निघत नाहीत. दही झाकायला ओले फडके नको. लाकडी चमचाही बाजूला ठेवा.

नवीन विरजण म्हणून जिवंत जिवाणू असलेले, साधे, साखर किंवा स्वाद न घातलेले, ताज्या तारखेचे तयार दही घ्या. ज्यांच्या घरी दही चांगले लागते त्यांच्याकडून आणले तरी चालेल, ते ताजे असावे एवढेच. एक लिटर ताजे दूध वर सांगितल्याप्रमाणे तापवा आणि 42 ते 45 अंशांपर्यंत निवू द्या. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ धुतलेली करंगळी दुधात दहा आकडे मोजेपर्यंत सुखाने ठेवता आली पाहिजे. लगेच काढावीशी वाटली तर अजून थांबा. 50 अंशांच्या वर गेलेल्या दुधात विरजणातले बरेच जिवाणू मरतात आणि मग दही लागतच नाही किंवा पातळ लागते. विरजण एक मोठा चमचा पुरे, उकाड्यात त्याहून कमी, थंडीत दोन. ते थोड्या कोमट दुधात नीट फेटून, गुठळी न ठेवता सगळ्या दुधात मिसळा. नंतर भांडे हलवू नका. अर्धवट विणलेले जाळे हिंदकळले की तुटते आणि पुन्हा तसे जुळत नाही.

चांगल्या उबेत चार ते सहा तासांत, साधारण 30 अंशांच्या खोलीत आठ ते दहा तासांत दही लागते. भांडे हलकेच तिरके करून पाहा: दही भांड्याची कड सोडून एकसंध सरकले की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. आणखी तासभर ठेवू म्हणजे घट्ट होईल, हा हिशेब चुकतो. घट्टपणा थंडीत येतो. किमान चार तास थंड झाल्याशिवाय त्यात चमचा घालू नका. आणि दही लागल्या लागल्या, कोणी त्याला हात लावण्याआधी, पुढच्या वेळचे विरजण स्वच्छ वाटीत वेगळे काढून झाका.

राहिला दिवसांचा प्रश्न. त्याला दोन वेगळी उत्तरे आहेत. खाण्यासाठी घरचे दही 4 अंशांच्या आसपासच्या फ्रीजमध्ये, झाकून आणि कोरड्या स्वच्छ चमच्याने काढत राहिल्यास पाच ते सात दिवस चांगले राहते. पहिले दोन-तीन दिवस ते गोडसर असते, पुढे आंबट होत जाते. आंबट होणे म्हणजे खराब होणे नव्हे. सात दिवसांनंतरचे दही दिसायला नीटनेटके असले तरी मी खाणार नाही, कारण घरच्या दह्यात यीस्ट आणि बुरशीला तोवर पुरेसा वेळ मिळालेला असतो आणि ती दिसण्याआधीच वाढलेली असतात. विरजणासाठी मात्र तीन दिवसांपर्यंतचेच दही घ्यावे. नंतर ते आंबट होते, त्यातल्या जिवाणूंचे प्रमाण बिघडते आणि पुढचे दही पातळ किंवा कडवट लागण्याचा संभव वाढतो.

हे दिवस दही फ्रीजमध्ये गेले त्या वेळेपासून मोजायचे आणि ते सतत थंड राहिले तरच धरायचे. जेवणाच्या वेळी डबा दोन तास बाहेर राहतो, मग आत जातो, संध्याकाळी पुन्हा बाहेर, अशा दह्याला तीन-चार दिवसही पुष्कळ. म्हणून मोठ्या डब्यातून एका वेळचे दही वाटीत काढून घ्यावे आणि वाटीत उरलेले डब्यात परत घालू नये. ताटातल्या चमच्याला लागलेले अन्नकण आणि लाळ त्याबरोबर डब्यात जातात. फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात दही ठेवू नका, तिथे तापमान सारखे वर-खाली होते. मागच्या बाजूचा मधला कप्पा बरा. फ्रीज नसेल किंवा वीज बराच वेळ गेली असेल, तर उकाड्यात लागलेले दही त्याच दिवशी संपवावे.

तुमच्याकडे दही रोज लागत असल्याने एक लिटरचा एक डबा लावण्याऐवजी अर्ध्या लिटरचे दोन डबे लावून पाहा. एक उघडाल तेव्हा दुसरा बंदच राहील. झाकणावर तारीख लिहिलेला कागदाचा तुकडा चिकटवा, म्हणजे कोणत्या डब्याचे विरजण घ्यायचे याबद्दल घोटाळा होणार नाही. पाच-सहा दिवस गावाला जायचे असेल, तर ताज्या विरजणाचे दोन चमचे कोरड्या डबीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. परत आल्यावर ते रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या आणि नेहमीपेक्षा थोडे जास्त घाला. पहिले दही एक-दोन तास उशिरा लागेल आणि जरा ढिलेही असेल. त्याच्या विरजणाने लावलेले दुसरे दही पुन्हा नेहमीसारखे घट्ट व्हायला हवे. तेही ढिलेच राहिले, तर ताजे विरजण आणा.